सेकंदाला सतरा अक्षरे : सबटायटल आखडताना विनोद कुठे वाचतो आणि कुठे मरतो

दुबई, अबू धाबी किंवा शारजा येथील चित्रपटगृहात मराठी विनोदी चित्रपटाचा खेळ लागतो, तेव्हा एकाच विनोदाला तीन प्रकारचे प्रेक्षक असतात. पहिला तो ऐकतो. दुसरा, म्हणजे त्याच्यासोबत आलेला मल्याळी, फिलिपिनो किंवा पाकिस्तानी सहकारी, तो इंग्रजीत वाचतो. तिसरा तो अरबीत वाचतो. अमिरातीत भारतीय चित्रपट बहुधा अरबी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील सबटायटलसह दाखवले जातात, त्यामुळे हे दोन्ही अनुवाद एकाच वेळी एकाच पडद्यावर उभे असतात. ऐकणाऱ्याच्या हशात वाचणाऱ्याचा हशा मिसळला नाही, तर ज्याला आपण आग्रहाने सोबत आणले तो पाहुणा दोन तास इतरांच्या हसण्याकडे पाहत बसतो.

हा पाहुणा का हसत नाही, याचे कारण बहुतेक वेळा अनुवादकाचे भाषाज्ञान नसते. कारण असते वेळ. मराठी पात्र जेवढे बोलते तेवढे सगळे त्या वेळात वाचून होत नाही. म्हणून वाक्य आखडावे लागते, आणि आखडताना नेमके कोणते शब्द गेले यावर विनोदाचे भवितव्य ठरते.

वेळेचा हिशेब

सबटायटलची गती प्रतिसेकंद अक्षरांत मोजली जाते. येथे ‘अक्षर’ म्हणजे केवळ वर्ण नव्हेत. शब्दांमधील मोकळी जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम हेही प्रत्येकी एक धरले जातात. दूरचित्रवाणीच्या जमान्यात ‘सहा सेकंदांचा नियम’ प्रचलित होता. प्रत्येकी सुमारे ३७ अक्षरांच्या दोन भरलेल्या ओळी वाचायला सहा सेकंद द्यावेत, म्हणजे सेकंदाला साधारण १२ अक्षरे, असा तो नियम. आता वाचनाची सवय वाढल्यामुळे मर्यादाही वाढल्या आहेत. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी मार्गदर्शिकेत प्रौढांच्या कार्यक्रमासाठी सेकंदाला २० आणि मुलांच्या कार्यक्रमासाठी १७ अक्षरांपर्यंत मुभा आहे. एका ओळीत ४२ अक्षरांहून अधिक नको, ओळी दोनांहून अधिक नकोत, आणि एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहू नये, हे तिचे इतर दंडक आहेत.

अमिरातीतील प्रेक्षागृहासाठी २० ऐवजी १७ ही मर्यादा धरणे शहाणपणाचे आहे. तेथे इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसते. शिवाय डोळ्यांना केवळ वाचायचे नसते, नटाचा चेहराही पाहायचा असतो, आणि विनोदी प्रसंगात अर्धा विनोद चेहऱ्यावरच असतो.

दोन भाषांमुळे आणखी एक अडचण उभी राहते. प्रत्येक भाषेने दोन ओळी घेतल्या तर पडद्याच्या तळाशी चार ओळींचा ढिगारा साचतो आणि चित्राचा मोठा भाग झाकला जातो. म्हणून शक्य तेथे प्रत्येक भाषेने एकाच ओळीत काम भागवावे, हे उत्तम. अरबीला यात जन्मजात सवलत आहे. तिच्या लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, आणि ‘माझी’, ‘तुझी’ असे शब्द नामालाच प्रत्ययासारखे चिकटतात. त्यामुळे तोच आशय अरबीत बहुधा कमी अक्षरांत मावतो. इंग्रजीला ती सोय नाही. कात्री जास्त चालते ती इंग्रजीवरच.

आधी विनोदाचा खिळा शोधावा

प्रत्येक विनोदी वाक्यात एखादा शब्द, एखादा क्रम किंवा एखादी पुनरुक्ती असा एक खिळा असतो, ज्यावर सगळा विनोद टांगलेला असतो. आखडायला बसण्यापूर्वी तो खिळा शोधणे ही पहिली पायरी आहे. तो सापडला की बाकीचे शब्द निर्धास्तपणे काढता येतात. तो न शोधता आखडले, तर अर्थ शाबूत राहतो आणि विनोद जातो. अशी चूक ओळखणे अवघड असते, कारण कागदावर अनुवाद अचूकच दिसतो.

सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’मधील ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. लग्न झालेल्यांनाच जागा देणाऱ्या घरमालकिणीसमोर लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या साडीतल्या पात्राची ओळख करून दिली जाते, आणि घाबरलेल्या जिभेवरून लिंग घसरते. येथे खिळा आहे ‘हा माझा’. बायको हा शब्द नाही, पार्वती हे नावही नाही. आता इंग्रजीतील दोन पर्याय शेजारी ठेवून पाहता येतील.

```
This is my wife, Parvati.
He's my wife, Parvati.
```

पहिला पर्याय २५ अक्षरांचा, दुसरा २२ अक्षरांचा. पहिल्यात अर्थ पूर्ण आहे आणि विनोद शून्य आहे, कारण इंग्रजीतील तो दर्शक शब्द स्त्री-पुरुष असा भेदच करत नाही. दुसऱ्यात तीन अक्षरे वाचली आणि विनोद परत आला. आखडणे म्हणजे नेहमी गमावणे असते, हा समज अशा उदाहरणांत टिकत नाही.

अरबीत तर हे वाक्य इंग्रजीपेक्षाही मराठीच्या जवळ जाते. अरबी दर्शक सर्वनामात मराठीप्रमाणेच लिंगभेद आहे : पुरुषासाठी ‘हाज़ा’, स्त्रीसाठी ‘हाज़िही’. ‘हाज़ा ज़ौजती’ म्हटले की नेमके ‘हा माझी बायको’ असे ऐकू येते. अरबी लिपीत या दोन सर्वनामांत केवळ शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे. धोकाही तिथेच आहे. मुद्रितशोधकाला संदर्भ ठाऊक नसेल, तर तो ही व्याकरणाची चूक समजून प्रामाणिकपणे दुरुस्त करील, आणि विनोद कोणाच्याही नकळत नाहीसा होईल. म्हणून अशा प्रत्येक मुद्दाम केलेल्या चुकीची टीप अनुवादकाने फाईलसोबत द्यावी लागते : ‘येथे लिंग चुकीचे आहे, ते तसेच ठेवावे.’

त्याच चित्रपटात दुसऱ्या प्रकारचा खिळाही सापडतो. सुधीर जोशी यांनी साकारलेला घरमालक औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतो. औषध आणणारा गृहस्थ ‘वारला’ असे कळते, आणि मग ते सत्तर रुपयेही ‘वारले’ असे उत्तर येते. येथे विनोद पुनरुक्तीत आहे : माणसाच्या मृत्यूसाठी राखून ठेवलेला आदराचा शब्द पैशांना लावला जातो.

```
He died.
He passed away.
```

पहिला पर्याय ८ अक्षरांचा, दुसरा १५ अक्षरांचा. केवळ हिशेब पाहिला तर पहिला निवडावासा वाटेल. पण मराठी ‘वारला’ या शब्दातील गांभीर्य दुसऱ्यातच आहे, आणि तेच गांभीर्य पुढच्या क्षणी सत्तर रुपयांवर जाऊन बसायचे आहे. येथे सात अक्षरांचा खर्च करावा आणि ती अक्षरे घरमालकाच्या प्रश्नातून वाचवावीत. तसेच दुसऱ्या वेळी तोच शब्द पुन्हा आला पाहिजे. इंग्रजी लेखनात पुनरुक्ती टाळण्याची शिकवण असते. त्या सवयीने एखादा अनुवादक दुसऱ्यांदा ‘गेले’ किंवा ‘बुडाले’ या अर्थाचा शब्द वापरतो. वाक्य सफाईदार होते, पण हसायला कारण उरत नाही.

एका उपवासाचे आखडणे

आता एक संवाद आरंभापासून अखेरपर्यंत आखडून पाहू. संवाद या लेखापुरता रचलेला आहे, पण असा गृहस्थ प्रत्येक मराठी घरात असतो. पाहुण्याला जेवणाचा आग्रह होतो. तो नको म्हणतो आणि सांगतो : ‘फक्त साबुदाण्याची खिचडी, चार वडे, रताळ्याचा कीस, वरीचा भात, दाण्याची आमटी आणि दोन राजगिऱ्याचे लाडू.’ मग क्षणभर थांबून : ‘बस्स. उपवास आहे ना आज.’ समजा, यादी म्हणायला नटाला पाच सेकंद लागले, अर्धा सेकंद तो थांबला, आणि शेवटच्या वाक्याला दीड सेकंद लागला.

यादीचा शब्दशः इंग्रजी अनुवाद असा होईल :

```
Only sago khichdi, four sago fritters,
grated sweet potato, barnyard millet rice,
peanut curry and two amaranth laddoos.
```

ही ११८ अक्षरे आहेत. पाच सेकंदांत ती वाचायची तर वेग सेकंदाला सुमारे २४ अक्षरे होतो. १७ च्या मर्यादेनुसार पाच सेकंदांत ८५ अक्षरे मावतात, म्हणजे किमान ३३ अक्षरे काढली पाहिजेत. शिवाय ओळी तीन झाल्या आहेत.

खिळा कोणता, हा प्रश्न आधी. विनोद कोणत्याही एका पदार्थात नाही. ‘फक्त’ म्हणून सुरू झालेली यादी संपता संपत नाही, आणि ती उपवासावर येऊन आदळते, या क्रमात तो आहे. म्हणजे तीन गोष्टी हलवता येणार नाहीत : आरंभीचा ‘फक्त’, यादीचा लांबपणा आणि शेवटी येणारा ‘उपवास’. पदार्थांची विशेषणे मात्र मोकळी आहेत. कीस किसलेला आहे, वडे चार आहेत, आमटी दाण्याची आहे, लाडू राजगिऱ्याचे आहेत, या गोष्टी गेल्या तरी विनोदाला धक्का लागत नाही. ती काढून पहिला खर्डा असा होतो :

```
Just khichdi, fritters, sweet potato,
rice, curry and two laddoos.
```

पहिली ओळ ३७, दुसरी २८, एकूण ६५ अक्षरे. वेग सेकंदाला १३. हिशेब छान जमला. पण अर्थ बिघडला आहे, आणि तो कोणाच्या नजरेत बिघडला आहे हे पाहण्याजोगे आहे. महाराष्ट्राबाहेरच्या भारतीय प्रेक्षकाला नुसती ‘खिचडी’ म्हटली की डाळतांदळाची आठवते. ‘राइस’ म्हणजे तर सरळ भातच. दोन्ही उपवासाला चालत नाहीत. मराठीत आपण ‘वरीचा भात’ म्हणतो खरे, पण वरी म्हणजे तांदूळ नव्हे. या खर्ड्यातला गृहस्थ उपवास मोडणारा लबाड ठरतो. मूळ संवादातला गृहस्थ लबाड नाही. त्याने एकही नियम मोडलेला नाही. नियम पाळून पोट भरले आहे. मराठी विनोद नेमका तेवढ्याच फटीत आहे, आणि दोन शब्द चुकीचे आखडल्याने ती फट बुजली.

उरलेल्या अक्षरांचा उपयोग येथे होतो. मर्यादा ८५ ची आणि खर्च ६५ चा, म्हणजे २० अक्षरे शिल्लक आहेत. ‘राइस’ऐवजी ‘मिलेट’ घातले तर दोन अक्षरे वाढतात. खिचडीच्या आधी ‘सॅगो’ परत आणले तर मोकळ्या जागेसह पाच वाढतात, आणि पहिली ओळ बरोबर ४२ अक्षरांची होते. एकूण ७२. वेग सेकंदाला साडेचौदाच्या आतच राहतो.

दुसरी दुरुस्ती वेळेची. या दोन्ही ओळी एकदम पडद्यावर आल्या, तर वाचणारा तीन-चार सेकंदांत सगळी यादी संपवतो आणि नट अजून रताळ्यावर असतो. यादी हळूहळू वाढण्याची मजा त्याला मिळत नाही. म्हणून यादी दोन सबटायटलमध्ये तोडावी. त्यामुळे प्रत्येक वेळी इंग्रजीची एकच ओळ दिसते आणि अरबीला तिची जागा मिळते.

शेवटच्या वाक्याला दीड सेकंद आहे, म्हणजे जास्तीत जास्त २५ अक्षरे. शब्दशः अनुवादात ‘बस्स’ आणि ‘उपवास आहे’ एवढे २४ अक्षरांत बसते. पण ‘बस्स’ हा शब्द नटाच्या आवाजात आणि हाताच्या हालचालीतच दिसतो. तो वाचून दाखवण्याची गरज नाही. त्या जागी ‘सगळे चालते’ अशा अर्थाचे दोन शब्द घातले तर एकच अक्षर वाढते, आणि गृहस्थ नियम पाळणारा आहे ही मराठी प्रेक्षकाला ठाऊक असलेली बाब इतरांनाही कळते. सिद्ध झालेली फाईल अशी :

```
1
00:12:04,000 --> 00:12:06,500
Just sago khichdi, fritters, sweet potato,

2
00:12:06,580 --> 00:12:09,000
millet, curry and two laddoos.

3
00:12:09,500 --> 00:12:11,000
All allowed. I'm fasting.
```

पहिल्याचा वेग सेकंदाला १६.८, दुसऱ्याचा सुमारे १२.४, तिसऱ्याचा १६.७. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अर्धा सेकंद पडदा रिकामा ठेवला आहे. नट जेथे थांबतो तेथे सबटायटलनेही थांबले पाहिजे. उपवासाची ओळ यादीला चिकटवली असती, तर वाचणारा नटाच्या आधी शेवटाला पोहोचला असता.

अरबीत शेवटची ओळ वेगळ्या विचाराने करावी लागते. अरबी वाचकाच्या मनात ‘सौम’ म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. त्याला सहा पदार्थांची यादी आणि उपवास यांचा मेळ लागणे आणखी कठीण. म्हणून ‘सगळे चालते’ हे शब्द अरबीत केवळ उपयोगी नव्हे, अनिवार्य ठरतात. येथे ‘हलाल’ हा छोटा, सर्वांना ठाऊक असलेला शब्द वापरण्याचा मोह होईल. तो टाळावा. त्या शब्दामागे वेगळे धर्मशास्त्र उभे आहे, आणि एकादशी करणाऱ्या गृहस्थाच्या तोंडी तो आला की पात्रच बदलते. ‘परवानगी आहे’ एवढाच अर्थ देणारा ‘मस्मूह’ हा साधा शब्द पुरेसा आहे. ‘कुल्लुहू मस्मूह. अना साइम.’ ही ओळ अरबी लिपीत विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून २० अक्षरांची होते.

फसले हे कसे ओळखावे

सबटायटल एडिटसारख्या मोफत साधनांत प्रत्येक ओळीचा वेग आपोआप दिसतो आणि मर्यादा ओलांडली की रंग बदलतो. पण ते साधन वेग मोजते. विनोद जागेवर आहे की नाही ते सांगू शकत नाही. त्यासाठी दोन साधे उपाय व्यवसायात उपयोगी पडतात.

पहिला उपाय आवाज बंद करून पाहण्याचा. मराठी अनुवादकाचे कान वाक्य पुरवत असतात, त्यामुळे सबटायटलमधील उणीव त्याला जाणवत नाही. आवाज बंद झाला की त्याच्याजवळ तेवढेच उरते जेवढे पाहुण्याजवळ असते. एखाद्या ओळीशी नजर अडखळून परत मागे गेली, तर ती ओळ लांब आहे किंवा तिचा क्रम चुकला आहे. ओळ वाचून झाल्यावर नजर पुन्हा आरंभाकडे वळली, तर ती पडद्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळते आहे.

दुसरा उपाय मराठी न जाणणाऱ्या दोन-तीन माणसांना प्रसंग दाखवण्याचा, आणि ते हसतात का यापेक्षा केव्हा हसतात हे टिपण्याचा. नटाच्या आधी हसले, तर शेवटचा शब्द लवकर पडद्यावर आला; ओळ तोडावी. नटानंतर बराच वेळ गेल्यावर हसले, तर वाचन पुरे व्हायला वेळ लागला. आणखी शब्द काढावेत. मुळीच हसले नाहीत पण प्रसंग नीट सांगू शकले, तर अर्थ पोहोचला आणि खिळा निसटला. या तिसऱ्या प्रकारात शब्द कमी करून किंवा वाढवून काही साधत नाही. मूळ वाक्याकडे परत जाऊन विनोद नेमका कशावर टांगला आहे ते नव्याने पाहावे लागते.

काही ठिकाणी मात्र मर्यादा मान्य करावी लागते. केवळ ध्वनिसाम्यावर उभा असलेला श्लेष, किंवा कोल्हापुरी आणि पुणेरी बोलीतल्या फरकावर बेतलेला टोमणा, दीड सेकंदाच्या पंचवीस अक्षरांत दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. अशा वेळी कंसात खुलासा कोंबल्याने हशा मिळत नाही आणि वाचायची अक्षरे मात्र वाढतात. त्यापेक्षा कथेला लागणारा अर्थ थोडक्यात द्यावा आणि उरलेला वेळ नटाच्या चेहऱ्यासाठी मोकळा सोडावा. पाहुण्याचा एक विनोद हुकतो, पण पुढच्या विनोदाला पोहोचेपर्यंत त्याची नजर वाचण्यात अडकून पडलेली नसते.